पहिल्या वर्षाचे सण: लेकीच्या सासरी काय पाठवायचं आणि किती

मे महिन्यात लग्न झालं की मांडवाचा हिशेब पूर्ण व्हायच्या आत वटपौर्णिमा येते. तिच्या मागोमाग आषाढ, नागपंचमी, मंगळागौर, गौरी, दसरा, दिवाळसण, संक्रांत, शिमगा आणि गुढीपाडवा. प्रत्येक सण 'पहिला', आणि पहिल्याला माहेरून काही ना काही गेलं पाहिजे असं सगळे म्हणतात. लग्नात हात सैल सोडलेल्या आईवडिलांची खरी ओढाताण या बारा महिन्यांत होते, कारण लग्नाचा खर्च ठरवून केलेला असतो आणि सणांचा खर्च मात्र येईल तसा होत जातो.

माझं सांगणं एकच आहे. पहिला सण करण्याआधी वर्षाचा आकडा ठरवा आणि त्यातला मोठा वाटा दिवाळसणाला व संक्रांतीला ठेवा. वटपौर्णिमेला भारी साडी, आषाढात पाच डबे आणि मंगळागौरीला चांदी असं करत गेलात, तर दिवाळीला त्याच्या वरचं काहीतरी द्यावं लागतं. त्या वेळी पैसे नसले की लोक दागिना गहाण टाकतात नाहीतर सोसायटीतून कर्ज काढतात. पहिल्या दोन सणांत जी पातळी तुम्ही दाखवता, तीच पुढे तुमची पद्धत समजली जाते.

आधी चौकशी, मग खरेदी

लेकीला फोन करून चार गोष्टी विचारा. घरात माणसं किती आणि कोण? थोरली जाऊ असेल तर तिच्या पहिल्या वर्षी तिच्या माहेरून काय आलं होतं? मंगळागौर सासरी करतात की माहेरी? आणि संक्रांतीला सुनेचं तिळवण सासरचे करतात की माहेरचे?

शेवटचा प्रश्न बहुतेकजण विचारत नाहीत आणि नेमकी तिथेच फजिती होते. पुष्कळ घरांत सुनेची काळी साडी आणि हलव्याचे दागिने सासूच हौसेने करते, आणि माहेरून जावयाचा हलव्याचा हार, तिळगूळ व वाण येतं. दुसऱ्या घरांत सगळं माहेरचं. दोन्हीकडून आलं की लेकीपुढे दोन काळ्या साड्या आणि दोन जोड दागिने पडतात. मग कोणते घालायचे, आणि न घातलेल्यांचं काय सांगायचं, हे कोडं तिलाच सोडवावं लागतं.

जावेच्या माहेरचा प्रश्न जरा अवघड वाटतो, पण तोही विचारून ठेवा. त्यांच्याइतकं करायचं म्हणून हे विचारायचं नाही. सासूच्या साडीबद्दल घरात काय अपेक्षा तयार झाली आहे, ते आधी कळावं एवढ्यासाठी.

त्यानंतरचं बोलणं लेकीमार्फत करू नका. निरोप तिच्या तोंडून गेला की दोन्हीकडची नाराजी तिच्याच वाट्याला येते. आईनेच विहीणबाईंना फोन करावा. वटपौर्णिमेच्या आधी, सहज चौकशीच्या सुरात. काहीसं असं:

"विहीणबाई, आता वर्षभर सण सुरू होतील. तुमच्याकडची रीत आम्हाला माहीत नाही, तेव्हा सांगा. आमच्याकडे दिवाळसण आणि संक्रांत मनापासून करतात, बाकीच्या सणांना ओटी आणि डबा पाठवतो. चालेल ना?"

यात दोन कामं होतात. त्यांच्या रीतीला मान मिळतो आणि तुमची मर्यादाही कळते, तीही कुठे पैशाचा उल्लेख न करता. समंजस विहीण असेल तर नव्वद टक्के वेळा उत्तर येतं, "अहो, एवढंही नको." मग तुम्हीही मोकळ्या मनाने करू शकता.

वाण, शिदोरी आणि आहेर वेगळे ठेवा

सणाला जे जातं त्याचे मनात तीन भाग करा. पहिला वाणाचा, म्हणजे त्या सणाला रीतीने जे लागतंच: खण-नारळ, ओटीचे तांदूळ, हळद-कुंकू, बांगड्या, वडाच्या पूजेची पाच फळं, संक्रांतीची सुगडं. याला पैसे फार लागत नाहीत, पण हे चुकलं तर लक्षात राहतं. दुसरा भाग शिदोरीचा: फराळ, कापण्या, गुळपोळ्या. इथे पैशापेक्षा हात जास्त लागतात. तिसरा आहेर: कपडे, चांदी, सोनं. खर्च खरा इथेच होतो, आणि रीतीने ठरलेलं इथेच सर्वांत कमी असतं. दिवाळीत जावयाला अंगठीच घातली पाहिजे असा नियम कुठल्याही पूजेच्या पोथीत नाही. घराच्या ऐपतीप्रमाणे ते ठरत आलं आहे.

काटकसर करायची तर आहेरात करा, वाणात कधीही नाही. सासूची साडी अठराशेची आहे की अडीच हजारांची, हे चार दिवसांत विसरलं जातं. ओटीत नारळ नव्हता, हे मात्र वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

एक घर धरून हिशेब

समजा मुलीचे आईवडील साताऱ्याचे, घरात वडिलांचा पगार आणि धाकटा मुलगा कॉलेजात. मुलगी नाशिकला दिली. सासरी सासू, सासरे, आजेसासू, जावई, धाकटा दीर आणि ती, अशी सहा माणसं. नणंद पुण्याला तिच्या सासरी. वर्षाला साठ हजारांच्या वर जायचं नाही, असं आईवडिलांनी ठरवलं. त्याची वाटणी मी अशी करेन: दिवाळसण २७,०००, संक्रांत १२,०००, आषाढ-श्रावण मिळून ५,०००, गौरी-गणपती २,०००, वटपौर्णिमा, दसरा, शिमगा आणि गुढीपाडवा मिळून ६,०००, आणि ८,००० राखीव.

राखीव रकमेला हात न लावता वर्ष संपलं तर उत्तमच. पण बहुधा ती लागते. अचानक घरी आलेल्या नणंदेची ओटी, आजेसासूंच्या आजारपणात भेटायला जाणं, नाहीतर मंगळागौर आपल्या घरी होणार असं ऐनवेळी ठरणं, यातलं काहीतरी निघतंच. मंगळागौर आपल्याकडे असेल तर पूजा, जागरण, वशेळ्या मुलींचं जेवण हे सगळं त्याच आठ हजारांत बसवा. जेवण घरी करा आणि बोलावणं जवळच्यांनाच ठेवा.

आषाढात घाटावरच्या भागांत कापण्या, पुऱ्या, कडाकण्या तळून पाठवायची चाल आहे. ही तळणं आठ-दहा दिवस टिकतात, म्हणून बिनधास्त जास्त करा, खर्च फारसा येत नाही. नागपंचमीला भाऊ आणायला गेला की त्याच्या हाती शिदोरी द्यायची, आणि लेक परत जाताना साधी सुती साडी. कोकणात मुलगी दिली असेल तर गौरीचा ओवसा, म्हणजे नव्या सुनेने सुपं भरून गौरीला ओवसायची रीत, लक्षात ठेवा. रायगड-रत्नागिरी पट्ट्यात नव्या सुनेचा ओवसा गौर पूर्वा नक्षत्रात येते त्या वर्षी करतात, त्यामुळे तो लग्नानंतर लगेच येईलच असं नाही. सुपं किती लागतात आणि त्यात काय भरायचं, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं. सासूलाच विचारून सुपं, नारळ, खारीक-बदाम आणि फळं यांची यादी लिहून घ्या. ज्या वर्षी ओवसा येणार असेल त्या वर्षी गौरीचे दोन हजार पुरणार नाहीत. फरक राखीवातून काढा.

दिवाळसण बारकाईने

पहिल्या दिवाळीला लेक आणि जावई आपल्याकडे येतात, जावयाला अभ्यंगस्नान घालून औक्षण करतात, पाडव्याला लेक नवऱ्याला ओवाळते, भाऊबीजेला भावाला. परत जाताना सासरच्या माणसांचे कपडे आणि फराळाचा डबा बरोबर. सत्तावीस हजार असे खर्चायचे:

- जावयाचे कपडे, शिलाईसह: ४,०००
- लेकीची साडी, ब्लाऊजसह: ४,०००
- जावयाला चांदीची वस्तू: ७,०००
- सासूबाईंची साडी: २,०००
- सासऱ्यांचं कापड किंवा कुर्ता: १,५००
- आजेसासूंची साडी: १,५००
- दिराचा शर्ट: १,२००
- फराळ: ३,३००
- जेवणखाण, उटणं-तेल, प्रवास: २,५००

यातल्या दोन गोष्टींवर थोडं सविस्तर सांगते.

चांदी घेताना वजन ठरवून दुकानात जाऊ नका, रक्कम ठरवून जा. 'शंभर ग्रॅमचं ताट घ्यायचं' म्हणून गेलात तर चांदीचा भाव चढलेला असला की बजेट तिथल्या तिथे मोडतं. 'सात हजारांत बसेल ती वाटी' म्हटलं की भाव काहीही असो, मोडण्यासारखं काही राहत नाही. बिलात चांदीचा भाव, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगळे दाखवायला सांगा. नक्षीदार वस्तूची मजुरी जास्त लागते आणि मोडीत देताना ती परत मिळत नाही, म्हणून साधी, जाड काठाची वाटी बरी. सोन्याची अंगठी द्यायचीच असेल तर बाकीच्या आहेराला हात आखडता घ्यावा लागेल. २०२३ च्या एप्रिलपासून हॉलमार्क सोन्यावर एचयूआयडीचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असणं सक्तीचं आहे. तो क्रमांक दुकानातच बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहा आणि मगच पैसे द्या. अंगठीचं माप जावयाच्या जुन्या अंगठीवरून लेकीकडून मागवा. चेन घेतली तर मापाची कटकटच नाही.

दुसरं, घरातल्या बायकांच्या साड्या. सासूची साडी आजेसासूंच्या साडीपेक्षा थोडी वरची ठेवा, पण डोळ्यांत भरण्याइतकी नाही. आजेसासू नऊवारी नेसतात की सहावारी, हे विचारून घ्या, कारण वारांची चूक झाली तर साडी नुसती कपाटात पडते. घरातल्या कामाच्या मावशींनाही विसरू नका, राखीवातून त्यांच्यासाठी पाचशेचं पाकीट चांगलं वाटतं. नणंद भाऊबीजेला माहेरी येणार असेल तर तिची खणा-नारळाची ओटी लेकीकडे बांधून द्या. साडी नको, नाहीतर दर वर्षी तिची साडी यादीत आलीच म्हणून समजा.

फराळाचा डबा

सहा माणसांचं घर आणि शेजारी-नातेवाइकांना चार-सहा ताटं, एवढ्याला पुरेल इतकंच करा. एक किलो बेसन, अर्धा किलो तूप आणि पाऊण किलोच्या आसपास पिठीसाखर घेतली की मध्यम आकाराचे पंचेचाळीसच्या आसपास लाडू होतात. किलोभर भाजणीच्या चकल्या आणि किलोभर पातळ पोह्यांचा चिवडा पुरतो. जोडीला शंकरपाळे आणि पंचवीस-तीस करंज्या. अनारसे येत असतील तर एकवीस करा, नसतील तर विकतचे घेऊन डब्याची शोभा वाढवू नका. सासूला पहिल्या घासातच कळतं.

प्रवास लांबचा असेल तर करंजीत ओलं खोबरं घालू नका. ओल्या सारणाची करंजी दोन दिवसांत आंबते, सुक्या खोबऱ्याची पंधरा दिवस टिकते. तळणीचं सगळं पूर्ण निवल्यावरच भरा. अगदी किंचित गरम असलेला चिवडा डब्यात बंद केला की झाकणाला आतून वाफ धरते, आणि नाशिकला पोचेपर्यंत पोहे मऊ पडतात. हात लावून नाही, झाकण पालथं करून तपासा: तासाभराने झाकण आतून कोरडं असेल तरच डबा बांधायचा. चकल्या डब्यात उभ्या रचा आणि वर-खाली कागद घाला, नाहीतर एसटीच्या खड्ड्यांत त्यांचा चुरा होतो. लाडू पसरट डब्यात एकाच थरात, दोन थर केले तर खालचे बसतात.

डब्यांवर नावाची चिठ्ठी लावा आणि परत मिळायचे डबे साधे स्टीलचे ठेवा. परतणारा डबा रिकामा येत नाही, त्यात सासरचं काहीतरी येतंच, आणि दोन्ही घरांत ये-जा सुरू राहते.

संक्रांत

बारा हजारांत तिळवण माहेरचं असेल तर हिशेब असा बसतो: लेकीची काळी साडी ३,५००, जावयाचा कुर्ता १,५००, दोघांचे हलव्याचे दागिने २,५००, हळदी-कुंकवात लुटायला वाणाच्या चाळीस वस्तू पन्नास रुपयांप्रमाणे २,०००, तिळाचे लाडू व गुळपोळ्या १,०००, प्रवास १,५००. तिळवण सासरचं असेल तर लेकीच्या दागिन्यांचे पैसे वाचतातच, आणि काळ्या साडीऐवजी तेवढ्यातच रोज नेसता येईल अशी साडी देता येते.

हलव्याचे दागिने डिसेंबरमध्येच सांगून ठेवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बनवणाऱ्या बायकांकडे मागण्या भरलेल्या असतात, आणि घाईत झालेला हार गळ्यात घातल्यावर ओघळतो. हाती आल्यावर हाराची एक बाजू बोटांनी हलकेच ओढून पाहा, हलव्याचे दाणे दोऱ्यावर फिरत असतील तर बांधणी सैल आहे. हलवा दमटपणात चिकट होतो, म्हणून हवाबंद डब्यात ठेवा, वरून पातळ कागद आणि डब्याच्या आत कडेला लवंगा टाका म्हणजे मुंग्या येत नाहीत. फ्रीजमध्ये अजिबात नको, बाहेर काढल्यावर त्याला पाणी सुटतं.

वाणाच्या चाळीस वस्तू प्लास्टिकच्या कशाला? कापडी पिशवी, सुपारी कातरायचा अडकित्ता, छोटी लाकडी पोळपाट, तुळशीची रोपं, पन्नासात काय काय मिळतं ते बाजारात फिरून पाहा. सासूच्या मैत्रिणी तिच्यापुढे वाणाचं कौतुक करतात आणि ते आठवणीत राहतं. भारी साडीचं तेवढं होत नाही.

धोंड्याचा महिना आला तर

अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे. लग्न त्याच्या आधीच्या हंगामात झालं असेल तर पहिला अधिक महिना लगेच येतो, आणि वर्षाच्या हिशेबात तो धरलेला नसतो. रीत आहे तेहतीस अनारशांची किंवा बत्ताशांची, तांब्याच्या ताटात, वर दिवा, आणि जावयाला पुरणाचे धोंडे जेवायला. ताट चांदीचंच हवं असं अनेकांना वाटतं, पण तांब्याचं ताट रीतीला पुरेसं आहे आणि ते नंतर पूजेला वापरात येतं. अनारशाचं पीठ आधी आठ-दहा दिवस मुरायला ठेवावं लागतं, त्यामुळे तारीख पाहून तेवढे दिवस आधी तांदूळ भिजवा. तेहतीस अनारसे जमणार नसतील तर जाळीदार बत्तासे चालतात. सगळं मिळून तीन-साडेतीन हजारांत होतं.

जिथे थांबायचं

'आमच्याकडे दिवाळीला जावयाला कपडे करतात' ही रीतीची माहिती झाली. 'दिवाळीला चेन आली पाहिजे, नाहीतर तिला पाठवू नका' ही मागणी आहे. या दोन वाक्यांत फरक करायला शिका. लेक फोनवर स्वतःहून वस्तूची किंमत सांगू लागली, घरी आल्यावर सासरचा विषय निघताच बोलणं आवरतं घेऊ लागली, किंवा 'बाबा, यंदा जरा जास्तच द्या ना' असं घाबरत म्हणाली, तर आहेराचा विषय बाजूला ठेवून तिच्याशी एकट्याने बोला. अशा वेळी मागितलेलं देऊन टाकलं तर पुढच्या सणाला मागणी वाढते.

१९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा लग्नानंतरच्या मागणीलाही लागू आहे. मागणी करणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा होऊ शकते. मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी छळ झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १८१ या महिला मदत क्रमांकावर आधी फोन करून सल्ला घेता येतो, थेट तक्रार करायलाच पाहिजे असं नाही.

लेकीला दिलेली साडी, सोनं, चांदी हे तिचं स्त्रीधन आहे, हे तिला स्पष्ट सांगा. प्रत्येक मोठ्या वस्तूचं बिल तिच्या नावाने करून घ्या, एक प्रत तुमच्याकडे ठेवा आणि वहीत सण, वस्तू, रक्कम लिहा. ती वही धाकटीच्या लग्नाच्या वेळीही लागेल, कारण थोरलीच्या वेळी काय केलं हे नंतर कोणाला नीट आठवत नाही आणि दोघींमध्ये फरक पडतो.

दुसऱ्या वर्षी हात आखडता घेताना संकोच वाटतो, तेव्हा पहिल्या वर्षाच्या शेवटच्या सणालाच, म्हणजे गुढीपाडव्याला गाठी घेऊन जाता तेव्हा, विहीणबाईंना सांगून टाका: "पहिल्या वर्षाची हौस झाली, आता भाऊबीज आणि संक्रांतीचं वाण तेवढं चालू ठेवू." मंगळागौर मात्र पाच वर्षं पूजायची असते. ती पुढची चार वर्षं कोणाकडे करायची, याचं बोलणंही तेव्हाच उरकून घ्या.